जिभेवर ठेवा, गिळू नका

आमच्या धंद्यात एक जुनी म्हण आहे: आधी मॅन्युअल वाच, मग शंका विचार. आम्ही ती ज्युनिअर पोरांना ऐकवतो आणि स्वतः कधीच पाळत नाही. नवीन मिक्सर आला की खोक्यातलं पुस्तक सरळ रद्दीत. गोळ्यांच्या स्ट्रिपवर काय लिहिलंय हे तर आयुष्यात कधी वाचलं नव्हतं. एक्स्पायरी बघायची, बस्स.

२०२२ च्या जूनमध्ये आईची किमो सुरू झाली आणि ही खोड चांगलीच अंगाशी आली.

पहिल्या सायकलनंतर घरी जाताना हातात एक कागद मिळाला. त्यावर चार-पाच औषधं होती आणि त्यातलं एक मळमळीचं: ऑन्डान्सेट्रॉन एमडी ८, १-०-१, तीन दिवस. म्हणजे सकाळी एक, रात्री एक. मी पडलो इंजिनिअर, त्यामुळे लगेच सिस्टिम लावली. सात खणांची प्लॅस्टिकची डबी आणली, सगळ्या गोळ्या स्ट्रिपमधून सोलून वारांप्रमाणे भरल्या, स्ट्रिपा कचऱ्यात टाकल्या. वर मोबाईलवर अलार्म. स्वतःवरच खूश!

दुसऱ्या दिवशी सकाळी आईला मळमळायला लागलं. मी गोळी दिली आणि सवयीने भरलेला पाण्याचा ग्लास पुढे केला. तिने कसाबसा अर्धा ग्लास पोटात ढकलला. पाच मिनिटांत पाणी, गोळी, सकाळचा घोटभर चहा, सगळं बाहेर. रात्री पुन्हा तेच. शिवाय डबी उघडली तर उरलेल्या गोळ्या मऊ पडलेल्या, एक तर बोट लावताच भुगा झाली. बाहेर पुण्याचा पाऊस चालू होताच.

मी तणतणत केमिस्टकडे गेलो. "काका, गोळ्या खराब दिल्यात तुम्ही. हात लावला तर पीठ होतंय."

काकांनी शांतपणे विचारलं, "स्ट्रिपमधून कधी काढल्या?"

"काल. डबीत भरून ठेवल्यात."

"आणि देता कशा? पाण्याबरोबर?"

"मग कशाबरोबर देणार?"

त्यांनी रॅकमधून तशीच एक स्ट्रिप काढली, उलटी केली आणि बारीक अक्षरांतल्या एका ओळीवर बोट ठेवलं. प्लेस द टॅब्लेट ऑन द टंग. डू नॉट स्वॉलो होल. म्हणजे गोळी जिभेवर ठेवा, अख्खी गिळू नका. "एमडी म्हणजे माउथ डिझॉल्व्हिंग," काका म्हणाले. "पाणी नकोच हिला. तोच तर फायदा आहे."

घरी येऊन कचऱ्याच्या डब्यातून आमच्या स्ट्रिपा शोधल्या. तीच ओळ, प्रत्येक स्ट्रिपवर.

त्या आठवड्यात मी जे वाचलं आणि डॉक्टरांना, काकांना विचारलं, ते थोडक्यात असं. किमोच्या औषधांमुळे लहान आतड्याच्या अस्तरातल्या काही पेशी सेरोटोनिन नावाचं रसायन सोडतात. ते तिथल्या नसेला चेतवतं, नस मेंदूला निरोप देते आणि उलटी होते. ऑन्डान्सेट्रॉन हा निरोप वाटेत अडवतं. (म्हणूनच घाटात गाडी लागणाऱ्यांना त्याचा फारसा उपयोग होत नाही. तो निरोप कानातून येतो, त्याचा रस्ता वेगळा.) औषध उत्तम, पण ज्याला उलटी होतेय त्याच्या पोटात गोळी टिकणार कशी? अशा माणसाला पाण्याचा मोठा घोटसुद्धा उलटीला निमित्त पुरतो. म्हणून ही गोळी मुद्दाम भुसभुशीत बनवतात आणि तिच्यात थुंकी शोषून झटकन फुटणारे पदार्थ घालतात. जिभेवर ठेवली की काही सेकंदांत तिचा गोडसर लगदा होतो. तो थुंकीबरोबर आपोआप गिळला जातो.

पण जो गुण तिला जिभेवर फोडतो, तोच तिला हवेत मारतो. ती ओलावा शोधतच असते. थुंकीतला असो वा पावसाळी हवेतला. म्हणून तिला स्ट्रिपमधून आधी काढून ठेवायचं नाही. घ्यायच्या वेळीच काढायची, तीही कोरड्या हाताने. काही स्ट्रिपांची मागची चांदी सोलायची असते. नेहमीसारखी अंगठ्याने दाबून गोळी बाहेर काढली तर ती तिथेच मोडते. माझी सात खणांची डबी म्हणजे या गोळीसाठी छळछावणी होती.

इथे माझा आणखी एक गैरसमज दूर झाला. मला वाटलं, तोंडात विरघळते म्हणजे थेट जिभेतून रक्तात, मग असर दुप्पट वेगाने. तसं नाही. ऑन्डान्सेट्रॉन विरघळतं तोंडात, पण मुख्यतः शोषलं जातं ते पुढे आतड्यातच. रक्तातली पातळी शिखराला पोचायला साध्या गोळीइतकाच, साधारण दीड-दोन तास वेळ लागतो. म्हणजे चुकून अख्खी गिळली तरी विषबाधा वगैरे काही होत नाही. औषध काम करतंच, फक्त पोटात टिकायला हवं. आणि जिभेवर विरघळल्यावर पाच मिनिटांत उलटी झाली, तर औषधाचा बराच भाग बाहेर गेला असं धरायचं. मग दुसरी द्यायची की नाही हे आपण ठरवायचं नाही, हॉस्पिटलच्या नंबरवर फोन करायचा. आम्हाला मिळालेला सगळ्यात कामाचा सल्ला हा की मळमळ चढायची वाट बघत बसू नका, कागदावरच्या वेळेलाच गोळी द्या. उलटी सुरू झाल्यावर थांबवण्यापेक्षा ती येऊ न देणं सोपं.

आईचं तोंड किमोने कोरडं पडलेलं असायचं, त्यामुळे गोळी टाळूला खडूसारखी चिकटायची. त्यावर तिनेच उपाय काढला. आधी चमचाभर पाण्याने तोंड ओलं करायचं आणि मग गोळी. उरलेल्या दोन दिवसांत एकच उलटी झाली.

इथे गोष्ट संपली असती तर मी हे लिहिलंही नसतं.

दुसरी सायकल जुलैत झाली. आता मी स्ट्रिपवाला तज्ज्ञ! डबी फेकून दिली होती, गोळ्या स्ट्रिपसकट ड्रॉवरमध्ये. तिसऱ्या रात्री दीड वाजता आईने हाक मारली. खूप मळमळतंय म्हणाली. रात्रीची गोळी राहून गेली होती. दिवा न लावता, मोबाईलच्या उजेडात मी ड्रॉवर चाचपला. हाताला दोन गोळ्यांचा एक कापलेला तुकडा लागला. नावाचा भाग नव्हता, एक्स्पायरीचाही नव्हता. पण मागे ती ओळखीची ओळ होती: प्लेस ऑन द टंग, डू नॉट स्वॉलो होल. म्हटलं, हीच ती. हात कोरडे केले, चांदी सोलली, आईने तोंड उघडलं...

आणि गोळी फार छोटी वाटली म्हणून मी थांबलो. तुकडा पुन्हा उजेडात धरला. ओळीखाली काठाशी एक अर्धवट कापलेला आकडा होता: ०.५. आमची गोळी तर ८ ची. ऑन्डान्सेट्रॉनच्या गोळ्या मिळतात त्या बहुतेक ४ आणि ८ मिलिग्रॅमच्या. ०.५ कुठून आलं?

बाबा तोवर उठून आले होते. तुकडा बघून म्हणाले, "अरे, ही माझी झोपेची आहे." त्यांच्या डब्यातला उरलेला अर्धा भाग आणून जोडून बघितला. क्लोनाझेपाम, माउथ डिझॉल्व्हिंग, ०.५ मिलिग्रॅम. बाबांना ती त्यांच्या डॉक्टरांनी दिलेली. आईला, तीन दिवस धड न जेवलेल्या बाईला, मी ती मळमळीवर देणार होतो. तिला गुंगी आली असती, आणि गुंगीत उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जायची भीती असते.

ऑन्डान्सेट्रॉनची स्ट्रिप शेवटी बेसिनजवळ सापडली, मीच ठेवलेली. आई दोनच्या सुमारास झोपली. मला मात्र झोप लागली नाही.

त्या रात्री नीट कळलं की ती ओळ गोळी *कशी* घ्यायची ते सांगते, गोळी *कसली* आहे ते सांगत नाही. जिभेवर विरघळणाऱ्या गोळ्या मळमळीच्या असतात, तशा झोपेच्या, अर्धशिशीच्या आणि मानसिक आजारांच्याही असतात. गिळायला त्रास होणाऱ्या कोणासाठीही कंपन्या तशी गोळी बनवतात. जुळ्या भासणाऱ्या खुणाही बऱ्याच आहेत. एमडी, ओडीटी, ओरोडिस्पर्सिबल हे सगळं एकच, जिभेवर. नुसतं डीटी असेल तर ती चमचाभर पाण्यात विरघळवून द्यायची गोळी. लहान मुलांच्या बऱ्याच गोळ्या अशा असतात. आणि अंडर द टंग किंवा सबलिंग्वल असेल तर जिभेखाली. हृदयाच्या दुखण्यात देतात ती गोळी अशी असते, आणि तिचं औषध मात्र खरंच तिथूनच थेट रक्तात जातं. ऑन आणि अंडर, एका शब्दाचा फरक.

म्हणून आता आमच्या घरी तीन गोष्टी वाचल्याशिवाय गोळी तोंडात जात नाही. एक, ईच टॅब्लेट कन्टेन्स या शब्दांपुढचं औषधाचं नाव. दोन, त्याच्या शेजारचा मिलिग्रॅमचा आकडा. तीन, ही घ्यायची कशी त्याची ओळ. क्रम हाच. मी तिसऱ्यापासून सुरू केलं होतं. काकांनाही सांगून ठेवलंय की अर्धी स्ट्रिप द्यायची असेल तर नाव आणि एक्स्पायरीचा भाग आमच्याकडे येऊ दे. तसं जमत नसेल तर पाकिटावर पेनने लिहून द्या. ते हसले, पण लिहून देतात. नावाशिवायचा तुकडा घरात सापडला तर तो सरळ बाद. दोन गोळ्यांचे किती पैसे वाचणार?

आईच्या सहाही सायकल पार पडल्या. शेवटच्या सायकलला मी गोळी द्यायला गेलो, तर तिने स्ट्रिप माझ्या हातातून घेतली, चष्मा लावला आणि मोठ्याने वाचलं, "ऑन्डान्सेट्रॉन, आठ, जिभेवर." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आता दे."

बाबांच्या गोळ्या हल्ली वेगळ्या ड्रॉवरमध्ये असतात.