रडीचा डाव

आमच्या इंदूरच्या घरात उन्हाळ्याच्या दुपारी सापशिडी मांडली जाते, ती आजोबांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या हौसेनं. गेल्या वर्षी मुलगा पाच वर्षांचा होता. ९८ वरच्या सापानं गिळलं की पट उधळायचा, गोट्या पलंगाखाली, आणि मग अर्धा तास भोकाड.

चूक आमचीच होती. रडू नको म्हणून आम्ही मुद्दाम हरायचो, फासा हळूच वळवायचो. मग आतेभाऊ सुट्टीत आला, त्यानं कशाला वळवावा? पहिल्याच डावात साहेब हरले आणि भावाला चावले!

त्यानंतर मुद्दाम हरणं बंद केलं. सापशिडीत तसंही सगळं फाशावर, मोठ्यांना अक्कल चालवायला वावच नाही. त्यामुळे खरं खेळलं तरी तो निम्मे डाव जिंकायचाच. पण शंभर घरांचा डाव फार लांबतो, आणि इतका वेळ घालवून हरलं की जास्त लागतं. म्हणून पुठ्ठ्यावर ३० घरांचा पट काढला, तीन साप, तीन शिड्या. डाव दहा मिनिटांत संपतो. हरला तर लगेच दुसरा. जो हरेल त्यानं पुढच्या डावात पहिला फासा टाकायचा, हे आधीच ठरलेलं.

आजोबांचं काम मोठ्यानं हरायचं. "हात्तिच्या! आलो की खाली. वाईट वाटलं बुवा. चला, टाका फासा." एवढंच. उपदेश नाही. रडताना समजावलेलं काही आत जात नाही, हे मला उशिरा कळलं. पट उधळला तर न ओरडता गोट्या गोळा करायच्या, त्यालाही हात लावायला लावायचा, आणि त्या दिवसाचा खेळ बंद.

लूडो मात्र जड गेला. तिथे साप नाही, आजोबाच गोटी मारतात, म्हणजे राग माणसावर. तिथे तो आणि मी एका बाजूला झालो, हरलो तर दोघं हरलो. चेकर्समध्ये आजोबा १२ ऐवजी ८ सोंगट्या घेऊन बसतात, पण त्याला सांगून. लपून दिलेली सूट मुलं ओळखतात हो.

अजूनही बिनसतं. संध्याकाळी जेवणाआधी, पोटात भूक असताना खेळलं की हमखास. एकदा काकांनी "हरले वाटतं राजे" म्हणून चिडवलं, तर दोन दिवस पटाला हात लावला नाही त्यानं.

परवा २८ वरून थेट ६ वर आला. डोळे भरले, ओठ थरथरले. उठला, स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायला. आम्ही दोघं गप्प. परत येऊन मांडी घालून बसला आणि म्हणाला, "आजोबा, तुमची पाळी. पण हळू टाका, फासा पलंगाखाली जातो."