आलोच

घरातून निघताना आपण ‘येतो’ म्हणतो आणि पोचायच्या आधीच ‘आलोच’ म्हणतो. समोरासमोर हे चालून जातं, कारण ऐकणाऱ्याला आपण दिसत असतो. चालू असलेल्या ऑनलाइन मीटिंगला उशिरा येतोय हे कळवताना मात्र हा शब्द दगा देतो.

एका बुधवारी अकराची मीटिंग होती आणि माझा दहाचा, ग्राहकाबरोबरचा कॉल लांबला होता. कॅमेरा चालू. समोर मान डोलवत टेबलाखाली मोबाइलवर टाइप केलं आणि 11:04 ला ऑफिसच्या ग्रुपवर टाकलं, ‘आलोच, 5 मिनिटांत.’ आपलं काम झालं असं वाटलं.

तिकडे मीटिंग चालवणारी सहकारी स्क्रीन शेअर करत होती. अशा वेळी शहाणी माणसं नोटिफिकेशन बंद ठेवतात, नाहीतर घरून आलेला ‘कोथिंबीर आण’ सगळ्यांसमोर झळकतो. तिने मोबाइल पाहिला 11:11 ला, आणि पाच मिनिटं तिथून मोजली. दरपत्रकाचा विषय माझ्याशिवाय होणार नव्हता, म्हणून सहा जण हातातलं थांबवून बसले. मी उगवलो 11:22 ला.

माझी पाच मिनिटं 11:04 ला सुरू झाली होती, तिची 11:11 ला. पण खरी गोम त्या आकड्यातच होती. ग्राहक कधी सोडेल हे मला ठाऊकच नव्हतं. वीस लिहायची लाज वाटली म्हणून पाच लिहिलं, इतकंच.

आता मी घड्याळातली वेळ लिहितो, तीही स्वतःच्या अंदाजाच्या दहा मिनिटं पुढची: ‘11:25 ला येतो. थांबू नका, दरपत्रक शेवटी घ्या.’ असा मेसेज कधीही वाचला तरी शिळा होत नाही. कारण लिहीत नाही. मीटिंगमध्ये बसलेल्याला ते वाचायला सवड नसते. आणि टाकतो ग्रुपवरच. मीटिंगच्या चॅटमध्ये टाकायचं तर बहुतेक वेळा आधी मीटिंगमध्ये शिरावं लागतं, आणि तिथे लिहिलेलं मागाहून आलेल्यांना बऱ्याचदा दिसतही नाही.

एकदा मात्र मोबाइल चार्जिंगला होता, म्हणून लॅपटॉपवरच टाइप केलं. ‘इथलं संपत नाहीये, 11:25 ला येतो’ हे वाक्य ग्राहकाच्याच चॅटमध्ये जाऊन पडलं. बोलता बोलता ते थांबले, चष्मा वर करून वाचलं आणि म्हणाले, “पंचवीसला जायचंय होय? मग आधी सांगायचं ना.”

11:19 ला त्यांनी मला सोडलं.