हजार रुपये आणि पाच वही

निपाणीत आमच्या सहकारी पतसंस्थेचा मी 2004 च्या सुमारास व्यवस्थापक होतो. बेळगावहून रोज एस.टी.ने जाऊन-येऊन करायचो. पिग्मीचा व्याप मोठा. पंधरा एजंट, आणि खातेदार म्हणजे तंबाखूच्या वखारीतले हमाल, बाजारातले दुकानदार, विड्या वळणाऱ्या बायका. रोज संध्याकाळी एजंट रकमा भरायचे आणि चिठ्ठ्या टेबलावर टाकायचे. दुसऱ्या दिवशी आमच्या तिघी कारकून त्या संगणकात चढवायच्या. गठ्ठा ज्याच्या हाताला लागेल त्याचा. चढवलेली प्रत्येक नोंद वरिष्ठ तपासायचे, चूक सापडली की हाती असेल तो दुरुस्त करायचा.

त्यांतली सगळ्यात हुशार बाई राजीनामा घेऊन आली. बेळगावच्या एका दुकानात हिशेबाची जागा होती. मी घाईघाईने हजार रुपये वाढवून घेतले संचालकांकडून. दोन महिने बरे गेले. तिसऱ्या महिन्यात पुन्हा दांड्या सुरू.

त्याच सुमारास एक विडी कामगार आजी पैसे काढायला आल्या. लेकीच्या लग्नाला. कार्डावर एजंटाची सही होती, पण अकरा दिवसांचे पन्नास-पन्नास रुपये खात्यात नव्हते. शोध घेतला तर 1436 ऐवजी 1463 ला चढले होते. अशी चूक दिवसाच्या बेरजेत कधी सापडत नाही, कारण एकूण रक्कम जुळतेच. तपासणाऱ्याची नजरही बेरजेवर. मी त्या बाईंना विचारलं तर म्हणाल्या, ‘‘मला कसं कळायचं ओ साहेब? 1436 म्हणजे कोण, हे मला ठाऊक आहे काय? आकडे येतात, चढवते.’’

ते मला लागलं. पगार वाढवला, पण काम तेच राहिलं होतं.

पुढे एका प्रशिक्षणात अमेरिकेतल्या ट्रॅव्हलर्स विमा कंपनीतला प्रयोग ऐकला. तिथेही मुली कार्डांवर आकडे पंच करायच्या, गठ्ठे कुणालाही मिळायचे. हॅकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1975 मध्ये त्यावर लिहिलं. त्यांनी प्रत्येकीला ठरावीक विभागांचं काम कायमचं दिलं, त्या विभागांशी थेट बोलायची मुभा दिली, चुका चुकणारीकडेच परत धाडल्या, आणि दिवसाचं वेळापत्रक तिचं तिने ठरवायचं असं केलं. काम सुमारे 40 टक्क्यांनी वाढलं. मला आकड्यापेक्षा ती रचना भावली. आपल्याकडे तेच तर मोडलेलं होतं.

मग आम्ही प्रत्येकीला पाच एजंट नेमून दिले. त्यांची पाच वही, त्यांचे सगळे खातेदार, कायमचे. एजंटाशी भांडायचं तर तिने, खातेदाराला फरकाचं पत्र लिहायचं तर तिच्याच सहीने, आणि मराठी माणसाला मराठीत. आधी कोणती वही घ्यायची, तेही तिचं ती ठरवणार. सरसकट तपासणी बंद केली. रोज काही चिठ्ठ्या न सांगता उचलून पाहायच्या, एवढंच ठेवलं. मात्र पैसे काढण्याच्या नोंदीला दुसऱ्याची सही हवीच, हे सोडलं नाही. तिथे विश्वासाचा प्रश्न नसतो. चांगल्या माणसालाही मोह होऊ शकतो, आणि निर्दोष माणसावरही उगाच आळ येऊ शकतो.

पहिला महिना वाईट गेला. कामं संध्याकाळी सातपर्यंत रेंगाळली, एजंट कुरकुरले, संचालकांनी मला खोलीत बोलावून घेतलं. तपासणारे वरिष्ठ तर रुसलेच, कारण त्यांचं काम गेलं होतं. त्यांना एजंटांच्या घरोघरी कार्डं पडताळायला पाठवलं, तेव्हा ते खुलले. तिघींतल्या एकीला मात्र हे नकोच होतं. ‘‘मला चिठ्ठ्याच द्या, डोकं घरी लावते मी,’’ म्हणाली. तिला आम्ही ठेव पावत्यांच्या छपाईवर घातलं आणि तिचे एजंट दोघींत वाटले.

राजीनामावाल्या बाईंच्या लक्षात एक दिवस आलं, की एक किराणा दुकानदार रोज शंभर भरतो, आणि चार दिवस त्याचं नाव नाही. पूर्वी हे कुणालाच दिसलं नसतं. तिने दुकानात फोन केला. दुकानदार म्हणाला, ‘‘मी तर रोज भरतोय.’’ एजंटाने घरच्या अडचणीपायी पैसे अडकवले होते. ही गोष्ट चौथ्या दिवशी कळली म्हणून चारशे रुपयांवर भागलं. त्याने भरून दिले, आणि पुढे त्याची वही दुसऱ्याकडे गेली.

दांड्या कमी झाल्या. आकडे उलटेसुलटे होणं थांबलं नाही, पण चूक कुणाची आणि कुठे, ते त्याच आठवड्यात कळायला लागलं.

वर्षाअखेरीस त्या बाई पुन्हा माझ्यासमोर उभ्या. हातात कागद. मी म्हटलं, ‘‘पुन्हा राजीनामा?’’

‘‘नाही ओ. पाच एजंटांवर अडीच एजंट वाढलेत. काम साहेबाचं देता, मग पगार कारकुनाचा का?’’

त्या कागदावर मला मान डोलावून संचालकांकडे जावंच लागलं.