गुऱ्हाळातली मळी, कारखान्यातली मळी आणि आमचा पेपर

कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन आहे, हे आपण कौतुकानं सांगतो. पण परदेशातल्या संशोधकाला आपला गूळ समजावून सांगायची वेळ आली की पहिली अडचण येते ती शब्दांची. आम्ही दोघांनी गुऱ्हाळावरचा एक पेपर आंतरराष्ट्रीय जर्नलसाठी तयार केला. त्यातलं जे इतरांच्या उपयोगी पडेल ते इथं लिहितोय.

पेपर आधी मराठीत लिहिला. कारण साधं आहे. माहिती देणारे गुळवे मराठीत बोलले. काहील, चुलवाण, आदण, रवा हे शब्द त्यांचेच. मग सहलेखकानं तो मजकूर पैसे मोजून एका भाषांतर सेवेकडं पाठवला. परत आलं ते इंग्रजी एकदम गुळगुळीत, व्याकरणात खोट नाही. पण एका वाक्यात लिहिलं होतं, 'रस तापू लागताच वर आलेलं मोलॅसिस झाऱ्यानं काढून टाकतात.'

आता ही गंमत बघा. साखर कारखान्यात मळी म्हणजे मोलॅसिस. साखरेचे दाणे सेंट्रिफ्युगल यंत्रात वेगळे केल्यावर उरतो तो काळा पाक, ज्यापासून पुढं अल्कोहोल काढतात. गुऱ्हाळात मळी म्हणजे उकळायच्या आधी रसावर येणारा साका, फेस आणि कचरा. इंग्रजीत त्याला स्कम म्हणतात. शब्द एकच, पण एक मळी प्रक्रियेच्या शेवटी निघते आणि दुसरी सुरुवातीला. गुळात सेंट्रिफ्युगल यंत्रच नसतं, त्यामुळं मोलॅसिस वेगळं निघायचा प्रश्नच येत नाही. जाणकार परीक्षकानं हे वाक्य वाचलं असतं तर त्याला वाटलं असतं, या लोकांनी गुऱ्हाळ बघितलंय तरी का?

काकवीचंही तेच केलं होतं, तिथंही मोलॅसिस. काकवी म्हणजे साखर काढून उरलेला पाक नव्हे. तो पूर्ण रसाचाच पाक, साधारण १०५-१०६ अंशाला उतरवलेला. तोच पुढं ११८ अंशांच्या आसपास नेला की गूळ होतो. म्हणून आम्ही 'काकवी' हा शब्द तसाच ठेवला आणि पहिल्या उल्लेखातच एका ओळीत अर्थ दिला.

भेंडीनंही असाच घोळ घातला असता. मळी वर यावी म्हणून रसात भेंडीचा चिकट द्रव घालतात. पण मराठीत 'भेंडी' नावाचं एक झाडही आहे, आणि ते वेगळं. म्हणून भाजीच्या भेंडीचं शास्त्रीय नाव, अॅबेलमॉस्कस एस्क्युलेंटस, लिहिणं भाग होतं. 'एक आदण' हेही माप म्हणून चालत नाही. प्रत्येक गुऱ्हाळाची काहील वेगळी, म्हणून रस लिटरमध्ये मोजूनच लिहायचा.

सगळ्यात जपायचा शब्द 'सेंद्रिय'. आपल्याकडं पावडर न घातलेल्या गुळाला सर्रास सेंद्रिय म्हणतात. इंग्रजीत त्याचं ऑरगॅनिक झालं की अर्थ बदलतो, कारण ते ऊस कसा पिकवला याबद्दलचं प्रमाणपत्र असतं. शेतात युरिया टाकलाय आणि गुऱ्हाळात हायड्रॉस टाळलाय, तर तो गूळ ऑरगॅनिक नाही. 'केमिकल-फ्री'सुद्धा चालत नाही, कारण चुना हेही रसायनच. आम्ही लिहिलं, 'हायड्रॉस न वापरता, भेंडी आणि चुन्यानं शुद्ध केलेला गूळ'. लांब आहे, पण खरं आहे. उद्या कुणी हा पेपर दाखवून गूळ विकला तर गिऱ्हाईक फसणार नाही.

शीर्षकात 'जॅगरी' ठेवलं, पण कीवर्डमध्ये 'नॉन-सेंट्रिफ्युगल शुगर' घातलं. कोलंबियातला पॅनेला, ब्राझीलमधला रापादुरा आणि जपानमधला कोकुतो यांच्यावर काम करणारे याच नावानं शोधतात. ते नसतं तर आपला पेपर त्यांच्या नजरेलाच पडला नसता.

भाषा-संपादनाला देताना मग तीन गोष्टी केल्या. तीस-एक शब्दांचा तक्ता केला: मराठी शब्द, अर्थ, निवडलेला इंग्रजी शब्द. 'हे शब्द बदलू नका' असं वर लिहिलं. प्रत्येक दुरुस्ती दिसेल अशी फाईल मागितली, कारण संपादकाला एकच शब्द पुन्हा पुन्हा खटकतो आणि तो चांगल्या हेतूनं स्कमच्या जागी सिरप घालू शकतो.

शेवटची तपासणी सोपी. मराठी मसुदा न वाचलेल्या माणसाला इंग्रजी पेपर द्यायचा आणि त्याला गुळव्यासमोर सगळी कृती मराठीत सांगायला लावायची. जिथं गुळव्या 'तसं नसतंय' म्हणतो, ते वाक्य चुकलंय. मग इंग्रजी कितीही सुंदर असू दे!