तिसरं प्रकरण

एम.ए.च्या लघुप्रबंधाचं तिसरं प्रकरण म्हणजे संशोधन पद्धती. हे प्रकरण सर्वांत सोपं जाईल अशी माझी समजूत होती, कारण ते जवळजवळ लिहूनच झालं होतं. वर्षाच्या सुरुवातीला दिलेल्या आराखड्यात पद्धतीची चार पानं होती. मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, "तीच पानं घे आणि सगळा भविष्यकाळ भूतकाळात आण. पण प्रत्येक क्रियापद बदलताना थांब."

पहिलं वाक्य होतं : 'वीस स्त्रियांच्या अर्धसंरचित मुलाखती घेण्यात येतील.' 'येतील'चं 'आल्या' केलं आणि हात थांबला. वीस झाल्याच नव्हत्या, चौदा झाल्या होत्या. पुढचं वाक्य : 'प्रत्येक मुलाखत साधारण एक तासाची असेल व ती स्वतंत्रपणे घेण्यात येईल.' सर्वांत छोटी मुलाखत पंचवीस मिनिटांत आटोपली होती. सहा मुलाखतींत सासू नाहीतर नवरा शेजारी बसून होता. 'सर्व मुलाखती ध्वनिमुद्रित करण्यात येतील.' तिघींनी फोन बघताच मान हलवली होती. त्यांचं बोलणं मी रात्री घरी येऊन आठवेल तसं वहीत उतरवलं होतं. चार पानांत अशी अकरा वाक्यं निघाली. काळ बदलला की ती खोटी ठरत होती.

विषय आमच्याच गावातला होता. बीड जिल्ह्यातून दर हंगामात ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांना उचलीच्या व्यवहारातलं काय आणि किती ठाऊक असतं, हा माझा प्रश्न. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. मुकादम हंगामाआधी त्या कोयत्यावर उचल देतो. मग तोडलेल्या उसाच्या टनांवर मजुरी धरून ती फेडायची. आजारपणाने किंवा बाळंतपणाने दिवस बुडला तर खाडा लागतो. हंगामअखेर जे फिटलं नाही ती बाकी, आणि ती पुढच्या वर्षीच्या उचलीत येऊन बसते. कोयत्यातला अर्धा वाटा बाईच्या हातांचा असतो, पण उचलीची बोलणी बहुधा नवरा आणि मुकादम यांच्यात होतात. त्या बोलण्यातलं तिच्या कानावर काय येतं, एवढंच मला पाहायचं होतं.

चौदा हा आकडा कसा आला, याचं समर्थन मी पहिल्या मसुद्यात मोठ्या आत्मविश्वासाने लिहिलं होतं : 'संपृक्तता आल्याने मुलाखती थांबवण्यात आल्या.' संपृक्तता ही ग्लेझर आणि स्ट्रॉस यांनी 1967 साली मांडलेली कल्पना. नव्या मुलाखतीतून नवं काही हाती येईनासं झालं की थांबावं. लहान अभ्यास करणारे विद्यार्थी तिच्या जोडीला 2006 सालचा गेस्ट, बन्स आणि जॉन्सन यांचा लेखही हटकून देतात, कारण साठ मुलाखती तपासल्यावर त्यांना पहिल्या बारांतच बहुतेक सगळे मुद्दे येऊन गेल्याचं दिसलं होतं. बारात भागतं, मग माझ्या तर चौदा! मीही तो लेख दिला होता. पण तो पुरता वाचल्यावर कळलं की त्या साठजणी घाना आणि नायजेरियातल्या, बऱ्याच सारख्या परिस्थितीतल्या होत्या आणि त्यांना विचारलेले प्रश्नही सारखे होते. बारा हा काही सगळीकडे चालणारा आकडा म्हणून त्यांनी दिलेला नव्हता.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे मी संपृक्ततेमुळे थांबलेच नव्हते. दसरा आला आणि टोळ्या निघाल्या. पंधरावी मुलाखत ठरली होती. मी सकाळी गेले तर घराला कुलूप होतं आणि दारातली शेळी शेजारच्या दाव्याला बांधलेली होती. शिवाय चौदाव्या मुलाखतीत एक अगदी नवी गोष्ट आली होती. वाढे विकून आलेले पैसे ती बाई नवऱ्याच्या हिशेबात येऊ न देता बाजूला ठेवायची. नवं सापडत असतानाच माझं काम थांबलं, म्हणजे संपृक्ततेच्या नेमकं उलट. तेव्हा वाक्य असं झालं : 'दसऱ्यानंतर टोळ्या कारखान्यांकडे रवाना झाल्याने मुलाखती चौदावर थांबल्या, अखेरच्या मुलाखतीतही नवा मुद्दा आला, त्यामुळे आणखी मुद्दे शिल्लक असण्याची शक्यता आहे.' हे लिहिताना प्रबंध दुबळा होतोय असं वाटत होतं. प्रत्यक्षात वाचणाऱ्याला पहिल्यांदाच काहीतरी कळत होतं : हंगाम कधी सुरू होतो, आणि या बायकांशी गावात बोलायचं तर किती थोडे आठवडे हाताशी असतात.

नमुना निवडीचा भाग त्याहून अवघड गेला. मी लिहिलं होतं, 'सहेतुक व स्नोबॉल पद्धतीने सहभागी निवडण्यात आल्या.' या वाक्यात कोण निवडतंय ते दिसत नाही. 'निवडण्यात आल्या', 'घेण्यात आल्या', 'करण्यात आले' ही प्रबंधाची नेहमीची भाषा. मराठीत कर्त्याला वाक्यातून अलगद उठवून बाहेर बसवता येतं, आणि ते शास्त्रीयही वाटतं. मॅडमनी समासात एकच शब्द लिहिला होता : 'कोणी?'

नऊजणी नानांनी सांगितल्या होत्या. नाना माझे चुलते. गावातली एक टोळी त्यांची आहे, म्हणजे ते मुकादम आहेत. त्यांनी ओसरीवर बसून नावं सांगितली, मी लिहून घेतली. उरलेल्या पाचजणी पिठाच्या गिरणीवर भेटलेल्या एका मावशींमुळे मिळाल्या, आणि त्या पाचही घरं दुसऱ्या मुकादमांकडे जाणारी होती. पहिला गट ज्याच्या हाती उचल असते त्याने दाखवलेला, दुसरा शेजारणीने. दोन्ही वाटांना मी 'स्नोबॉल' या एकाच शब्दात घातलं होतं.

मग मी उताऱ्यांचे कागद दोन गठ्ठ्यांत वेगळे केले आणि एकच प्रश्न धरून पुन्हा वाचले : हंगाम संपल्यावर हिशेब तुम्हाला समजावून सांगतात का? नानांच्या नऊपैकी आठजणी 'सांगतात की' म्हणाल्या होत्या आणि लगेच दुसरं काहीतरी बोलू लागल्या होत्या. गिरणीच्या पाचांपैकी तिघींनी बाकीचा आकडा कधी ऐकलेलाच नव्हता. नवरा नवी उचल घेऊन आला की आपण पुन्हा जायचंय हे त्यांना कळायचं. नाना इतरांपेक्षा चोख असतील, असं असू शकतं. मुकादमाच्या पुतणीसमोर कुणी दुसरं काय बोलणार, असंही असू शकतं. चौदा मुलाखतींवरून यातलं कोणतं खरं ते ठरवता येत नाही. पण कल कुठल्या बाजूला आहे ते सांगता येतं. माझ्या नमुन्याचं पारडं 'व्यवहार सुरळीत आहे' या उत्तराकडे झुकलेलं होतं.

हे उमगल्यावर मर्यादांचा भाग मी सगळा नव्याने लिहिला. आधी तिथे होतं : 'नमुना लहान असल्याने निष्कर्षांचे सामान्यीकरण करता येणार नाही.' हे वाक्य आमच्या वर्गातल्या प्रत्येकाच्या प्रबंधात होतं, त्यामुळे कुठल्याच प्रबंधाबद्दल ते काही सांगत नव्हतं. मोजक्याजणींशी सावकाश बोलायचं हे मी ठरवूनच केलं होतं, त्यात कमीपणा नव्हता. त्या चौदांत कोण नव्हतं, ते सांगणं गरजेचं होतं. एकटी जाणारी, अर्धा कोयता धरली जाणारी बाई त्यांत एकही नव्हती, आणि अशी बाई उचलीची बोलणी स्वतःच करत असणार. तसंच, मर्यादा सांगून ती तिथेच सोडून चालत नाही, ती पुढच्या प्रकरणात काय करते तेही सांगावं लागतं. म्हणून मी लिहिलं की नानांच्या नऊपैकी आठजणींच्या 'सांगतात की'ला या अभ्यासात कमी वजन दिलं आहे. आणि त्याच नऊंतल्या एकीने खाड्याबद्दल केलेल्या तक्रारीला जास्त दिलं आहे, कारण मी कोण आहे हे ठाऊक असूनही ती बोलली. सहभागींच्या तक्त्यात वय, शिक्षण, किती हंगाम केले, यांच्या पुढे दोन रकाने वाढवले : 'ओळख कोणामार्फत' आणि 'मुलाखतीवेळी सोबत कोण'. त्या तक्त्यातले हेच दोन रकाने मला आजही सगळ्यांत महत्त्वाचे वाटतात.

एक वाक्य मात्र बरेच दिवस तसंच राहिलं : 'मुकादमांच्या हिशेबाच्या वह्या उपलब्ध होऊ शकल्या नाहीत.' सहाव्या मुलाखतीत मी बाकीचा आकडा विचारला, तेव्हा समोरच्या वहिनी म्हणाल्या होत्या, "मला काय इचारती? तुझ्या नानाला इचार की. वहीत समदं हाय." ती वही मला लहानपणापासून माहीत होती. लाल कापडी पाठीची, देवघराच्या फळीवर ठेवलेली. उपलब्ध नव्हती असं मुळीच नव्हतं. मी मागितली नव्हती. शहरातल्या माझ्या पहिल्या वर्षाची फी नानांनी भरली होती. वही मागणं म्हणजे त्यांच्यावर शंका घेणं, असं मला वाटलं होतं.

हे वाक्य बदललं आणि प्रबंधाचा दावाच आकसला. वही पाहिली नाही म्हणजे बायकांनी सांगितलेले आकडे ताडून बघायला माझ्याकडे काही नव्हतं. मग हिशेब बरोबर होता की चूक, यावर मला एक अक्षरही लिहिता येत नव्हतं. बायकांना काय ठाऊक आहे आणि त्या ते कसं सांगतात, तेवढंच माझं. चौथ्या प्रकरणातले दोन परिच्छेद, मला फार आवडलेले, मी काढून टाकले. त्यांत मी बाकीच्या आकड्यांवरून फसवणुकीचा हिशेब मांडायला निघाले होते.

'संशोधक ही या गावातील एका मुकादमाची पुतणी आहे' हे वाक्य मी मर्यादांच्या अगदी शेवटी ठेवलं होतं. मॅडमनी पेन्सिलीने त्याच्याभोवती गोल काढला आणि तिथून एक लांब बाण नमुना निवडीच्या पहिल्या ओळीपर्यंत नेला. ते वाक्य वर गेल्यावर खालची सगळी वाक्यं वेगळी वाचली जाऊ लागली, आणि मी ती पुन्हा लिहिली. या वेळी 'मी' घालून. मी विचारलं, मी निवडलं, मी थांबले.

पण त्या एका ओळीने नाना ओळखू येत होते. गावात मुकादम तरी किती असतात? त्यांना न विचारता ती छापायची नव्हती. फेब्रुवारीत ते लग्नासाठी दोन दिवस कारखान्यावरून घरी आले, तेव्हा मी ओसरीवर बसून त्यांना ती दोन पानं वाचून दाखवली. नऊ नावं कुणी दिली, ते. 'सांगतात की'ला वजन कमी का दिलं, ते. आणि शेवटी, 'हिशेबाची वही पाहण्याची विनंती मी केली नाही.'

त्यांनी सुपारी कातरणं थांबवलं नाही. "खरंच हाय ते," म्हणाले. "राहू दे." थोड्या वेळाने अडकित्ता खाली ठेवला. "पण वही पाहिजे व्हती तर मागायची की."

प्रबंध जमा करायला चार दिवस राहिले होते. वही त्या वेळी त्यांच्याबरोबर कारखान्यावर होती. मी ते वाक्य होतं तसंच ठेवलं.