दोन खासदारांचा तालुका

मोर्शीत बॅनरचा मजकूर घेऊन कोणी आलं की मी आधी विचारतो, कार्यक्रम कुठे आणि कोणत्या गावांसाठी? शेजारच्या वरूडच्या पेंटरला हा प्रश्न पडत नाही. आमचा जिल्हा अमरावती, पण मोर्शी विधानसभा मतदारसंघ लोकसभेला वर्ध्याला जोडलेला. त्यातही तालुक्याचा नेरपिंगळाईकडचा भाग तिवसा मतदारसंघात, आणि तिवसा लोकसभेला अमरावतीत. म्हणजे एका तालुक्याला दोन आमदार आणि दोन खासदार. वॉर्डातल्या गणपतीला काही अडत नाही. पण ‘तालुकास्तरीय’ हा शब्द मजकुरात आला की चौघांचीही नावं आली, आणि चार नावं आली की पहिलं कोणाचं हा वाद आला.

संत्रा उत्पादकांच्या एका मेळाव्याचंच सांगतो. बाजार समितीच्या आवारात कार्यक्रम, मंचामागे वीस बाय दहाचा बॅनर. आयोजक मंडळाच्या सचिवांनी वहीचं फाडलेलं पान आणलं. त्यावर सुचतील तशी नावं: पालकमंत्री, दोन खासदार, दोन आमदार, नगराध्यक्ष, बाजार समितीचे सभापती, चार गावचे सरपंच, नागपूरच्या लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेतले एक शास्त्रज्ञ, एक प्रगतिशील शेतकरी आणि खाली अकरा दुकानांची यादी. पान माझ्या हातात देत ते म्हणाले, ‘‘भाऊ, तुम्हीच लावा बरोबर. कोनाले राग नाई आला पायजे.’’

अशी यादी एका खाली एक लिहिली की भांडण ठरलेलंच. कारण एका उभ्या यादीत प्रत्येक जण कोणाच्या तरी खाली असतो. मी ती आधी फोडतो. उद्घाटक एकच, अध्यक्ष एकच, मार्गदर्शक वेगळे, सत्कारमूर्ती वेगळे, ‘प्रमुख उपस्थिती’ वेगळी आणि सगळ्यात शेवटी निमंत्रक. आपल्या शीर्षकाखाली जो एकटा आहे त्याला खाली-वर काही राहत नाही. नागपूरच्या शास्त्रज्ञांना त्या पानावर सरपंचांच्याही नंतर टाकलं होतं. लोक मात्र डिंक्या कसा आवरायचा हे ऐकायला त्यांच्यासाठीच येणार होते. ‘मार्गदर्शक’ म्हणून त्यांची ओळ वेगळी काढली, तेव्हा ना आमदारांचं काही बिघडलं, ना सरपंचांचं. एवढं केलं की वादाची जागा ‘प्रमुख उपस्थिती’ या एकाच शीर्षकापुरती उरते, कारण तिथे गर्दी असते.

या गर्दीसाठी नियम लागतो, आणि नियम असा हवा की फोन आला तर एका वाक्यात सांगता यावा. पदांचा क्रम मी राजशिष्टाचाराच्या धर्तीवर लावतो. राष्ट्रपती सचिवालयाने 1979 साली काढलेला अग्रक्रमाचा तक्ता आहे, त्यात संसद सदस्य एकविसाव्या कलमात येतात. तो तक्ता शासकीय समारंभांसाठी आहे, आमच्या संत्रा मेळाव्याला तो कायद्याने लागू नाही. तरी त्याच्या तळटीपेतली एक गोष्ट माझ्या फार कामाची आहे. एकाच कलमातल्या व्यक्तींमध्ये, जो त्या पदावर आधी आला तो आधी. दोन खासदारांपैकी कोण मोठा, कोणाचा पक्ष सत्तेत, कोण मंडळाला जवळचा, हे सगळं बाजूला पडतं. कोण आधी निवडून आला एवढंच पाहायचं. दोघं एकाच निवडणुकीत पहिल्यांदा आले असतील तर ज्याच्या मतदारसंघात मंडप आहे तो आधी. तिथेही बरोबरी झाली तर अकारविल्हे.

सचिवांना हे पटलं, पण घरी जाऊन त्यांनी फोन केला. ‘‘अमरावतीचे खासदार आपल्या जिल्ह्याचे हायेत ना भाऊ, मंग वर्ध्याचं नाव वर काऊन?’’ मी म्हटलं, ‘‘मंडप मोर्शीत आहे. मोर्शीच्या मतदाराचा खासदार वर्ध्याचा. दोघं सोबतच निवडून आले, म्हणून मंडपाची जागा पाहिली. कोणी विचारलं तर हेच सांगा.’’ हे उत्तर त्यांना तोंडपाठ झालं तेव्हा ते निश्चिंत झाले. ज्या क्रमाचं कारण आयोजकाला स्वतःला सांगता येत नाही, तो क्रम मी छापायला पाठवत नाही.

उपाधींचंही असंच. मंत्र्यांना ‘ना.’, खासदारांना ‘खा.’, आमदारांना ‘आ.’, इथपर्यंत ठीक असतं. पुढे एकाला ‘मा. श्री.’ आणि दुसऱ्याला नुसतं ‘श्री.’ झालं की दुसऱ्याचे कार्यकर्ते ‘मा.’ शोधत दुकानात येतात. ‘मा.’ लावायचं तर सगळ्यांना, नाहीतर कोणालाच नाही. ‘भाऊ’, ‘दादा’, ‘साहेब’, ‘पाटील’ हे पत्रिकेत कसं आहे ते पाहूनच घेतो. सरपंच बाई असतील तर ओळ त्यांच्याच नावाची. त्यांच्या नावाशेजारी यजमानांचं नाव आणि फोटो टाकायचा आग्रह अजूनही होतो. मी विचारतो, ‘‘त्यांचं पद काय लिहू?’’ बहुतेक वेळा विषय तिथेच संपतो.

‘प्रमुख उपस्थिती’खाली होकार आलेलीच नावं घालावीत हे सगळ्यांना कळतं, पाळत कोणी नाही. पालकमंत्री येणार की नाही हे आदल्या रात्रीपर्यंत ठरत नसतं. म्हणून ज्यांचा होकार नाही त्यांची नावं मी वेगळ्या छोट्या बॅनरवर घेतो. आले तर तो बांधायचा, नाही आले तर गुंडाळून ठेवायचा. मोठ्या बॅनरवर नाव आणि मंचावर रिकामी खुर्ची असली, की दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी खुर्चीचीच येते.

आता मंचामागच्या बॅनरबद्दल, कारण रागाचं खरं मूळ पुष्कळदा तिथेच असतं आणि ते नजरेत येत नाही. दहा फूट उंचीचा बॅनर मंचाच्या पाटापासून बांधला, तर दीपप्रज्वलनाला उभी राहिलेली माणसं खालचे साडेपाच-सहा फूट झाकून टाकतात. एका कोपऱ्यात पोडियम, खाली कुंड्या आणि खुर्च्यांच्या पाठी. दिसणारा भाग उरतो वरचा चार फुटांचा, म्हणजे अठ्ठेचाळीस इंच. मी धरून चालतो की एक इंचाचं अक्षर पंचवीस-तीस फुटांवरून सुखाने वाचता येतं. मंडपाची शेवटची रांग शंभर फुटांवर असेल तर अक्षर चार इंचांचं हवं. देवनागरीला वर वेलांटी आणि रफार, खाली उकार, म्हणून ओळीला सहा-साडेसहा इंच सोडावेच लागतात, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या रफारात घुसतो. बारा नावं धरली तर पंचाहत्तर इंच झाले. जागा अठ्ठेचाळीस इंच, आणि त्यात मेळाव्याचं नावही बसायचंय.

इथे लोक अक्षर लहान करतात. मग पहिली चार नावं डोक्यांच्या वर दिसतात, उरलेली आठ पाहुण्यांच्या पाठीमागे जातात, आणि पेपरच्या फोटोत नेमकी तीच नसतात. झाकल्या गेलेल्या माणसाला कोण समजावणार की तुम्ही सहा फुटांच्या खाली होता? म्हणून मंचामागे मी नावंच घेत नाही. तिथे मेळाव्याचं नाव दोन ओळींत, तारीख, स्थळ, आयोजक, बस. बॅनरही पाटापासून तीन फूट वर बांधायला लावतो. नावांची जागा प्रवेशद्वाराशी, सहा बाय दहाच्या उभ्या स्वागत फलकावर. तिथे माणूस पंधरा-वीस फुटांवरून वाचतो, दोन इंचांचं अक्षर पुरतं, आणि सगळी नावं एकाच आकारात बसतात. पाहुणा गाडीतून उतरला की आपलं नाव वाचतो, फोटो काढून घेतो आणि प्रसन्न होऊन मंचाकडे जातो.

फोटो टाकायचेच असतील तर चौकटी सारख्या करून भागत नाही. एकाने फेट्यातला फोटो पाठवलेला असतो, दुसऱ्याने उघड्या डोक्याचा. चौकट सारखी, पण फेटेवाल्याचा चेहरा पाऊण होतो. हनुवटीपासून भुवईपर्यंतचं अंतर सारखं घ्यायचं आणि डोळे एका रेषेत आणायचे. वरच्या महापुरुषांच्या ओळीला मी जन्मसालाचा क्रम लावतो. शिवराय, फुले, शाहू महाराज, गाडगेबाबा, बाबासाहेब, पंजाबराव, तुकडोजी महाराज. 1630 पासून 1909 पर्यंत सरळ रांग लागते आणि तिला आजवर कोणी हात लावलेला नाही.

राहिले प्रायोजक. अकरा दुकानांपैकी एकाने निम्मा खर्च उचलला होता, तो ‘मुख्य प्रायोजक’, त्याची पट्टी वेगळी. मुख्य प्रायोजक दोन करायचे नाहीत, कारण दोघांनाही आपण फसलो असं वाटतं. रोख रक्कम न देता मंडप, पाणी, जेवण देणाऱ्यांना ‘विशेष सहकार्य’. त्यांची देणगी रुपयांत मोजून यादीत बसवायला गेलं की पाण्याचा टँकर देणारा दुखावतो. उरलेले सगळे ‘सौजन्य’ या एका शब्दाखाली, अकारविल्हे. इथे आमच्याकडची एक अडचण आहे. निम्मी दुकानं ‘श्री’ने सुरू होतात आणि त्यातली बरीच गजाननाच्या नावाची. ‘श्री’ मोजायचा तर सगळी ‘श’मध्ये जाऊन बसतात. मी ‘श्री’ सोडून पुढचं अक्षर धरतो. ‘श्री गजानन’ आणि ‘गजानन’ दोन्ही ‘ग’मध्ये, मग त्यांच्या पुढचा शब्द पाहायचा. ‘क्ष’चंही आधी ठरवून घ्यावं. अंकलिपीत तो शेवटी येतो, संगणक त्याला ‘क’मध्ये नेतो. या यादीत ‘क्षितिज’ नावाचं ठिबकचं दुकान होतं. शाळेतला क्रम धरला असता तर ते अगदी तळाला गेलं असतं. मी संगणकाचा धरला, कारण यादी कोणालाही त्यावर टाकून पडताळता येते.

लोगो सारख्या रुंदीचे केले तर आडवा लोगो चिंचोळी पट्टी होतो आणि गोल लोगो त्याच्या तिप्पट जागा खातो. म्हणून मी रुंदीऐवजी क्षेत्रफळ सारखं घेतो. ठिबकची दुकानं दोन होती, क्रमाने नेमकी शेजारी आली. त्यांच्यामध्ये मोकळी जागा सोडून उपयोग नव्हता. दोघांनाही मी क्रम आधीच दाखवून ठेवला.

मजकूर नक्की झाला की मी ए-फोरवर त्याची छापील प्रत काढतो. मोबाइलवर दाखवलेलं कोणी नीट वाचत नाही, बोटाने मोठं करून फक्त स्वतःचं नाव पाहतो. कागदावर दोन सह्या घेतो. एक सचिवांची, दुसरी मंडळातल्या त्यांच्या विरोधी गटाच्या माणसाची. त्या मेळाव्याच्या वेळी सचिव म्हणाले, ‘‘त्याची सही कायले पायजे? तो तर चुकाच काढंन.’’ म्हटलं, ‘‘काढू द्या. आज काढल्या तर दुरुस्तीचे पैसे लागत नाहीत.’’ त्या माणसाने दोन काढल्या. एका सरपंचांच्या गावाचं नाव चुकलं होतं, आणि सभापतींच्या नावाआधी ‘ॲड.’ राहिलं होतं. दोन्ही बरोबर होत्या.