काकांनी शिकवलेला हिशेब

बायोडेटातल्या बढत्या कशा वाचायच्या हे मला ज्यांनी शिकवलं, त्यांना चाकणच्या आमच्या कारखान्यात सगळे काका म्हणत. मी नव्यानं पर्सोनेल विभागात लागले तेव्हा ते त्या विभागाचे प्रमुख होते. आज मी उमेदवाराच्या कागदाला जे गुण देते, त्यातल्या एका रकान्याचं ऋण सर्वस्वी त्यांचं आहे. तो रकाना म्हणजे 'एकाच कंपनीतली वाढ'.

आमच्याकडे छाननीसाठी शंभर गुणांचा तक्ता होता. शिक्षण, मशीनचा अनुभव, गुणवत्ता पद्धतींची माहिती, नोकरीतलं स्थैर्य असे रकाने होते आणि वाढीला पंधरा गुण होते. नवीन माणूस ते गुण देताना हुद्दे मोजतो. चार हुद्दे दिसले तर जास्त गुण, एकच दिसला तर कमी. काका हुद्दे मोजू द्यायचे नाहीत. कोऱ्या कागदावर आडवी रेघ मारायची, तिच्यावर प्रत्येक हुद्द्याचा महिना आणि वर्ष लिहायचं, आणि रेघेखाली त्या दिवशी माणसाच्या कामात काय बदललं ते लिहायचं. खाली लिहायला काही सापडलं नाही, तर ती खूण खोडायची. "अगं, हुद्दा कंपनी देते आणि काम माणूस करतो. आपल्याला माणूस घ्यायचाय," असं ते म्हणत.

या रेघेचं महत्त्व एका भरतीत मला पुरतं कळलं. 2016 साली आम्हाला मशीनिंग विभागात असिस्टंट मॅनेजर हवा होता. नवी लाईन उभी राहायची होती. सीएनसी मशीन येऊन पडली होती आणि माणसं अजून भरायची होती. शेवटी दोन कागद उरले.

पहिला उमेदवार मेकॅनिकल डिप्लोमावाला होता. एका मोठ्या कंपनीत 2007 साली डिप्लोमा ट्रेनी, 2008 मध्ये ज्युनिअर इंजिनिअर, 2010 मध्ये इंजिनिअर, 2013 मध्ये सीनिअर इंजिनिअर आणि 2015 मध्ये असिस्टंट मॅनेजर. पाचही हुद्दे त्यानं कंपनीचं नाव पुन्हा पुन्हा लिहून वेगवेगळे मांडले होते. त्यामुळे आमच्या एक्सेलच्या तक्त्यानं त्या पाच नोकऱ्या धरल्या. नऊ वर्षं भागिले पाच, म्हणजे सरासरी दोन वर्षंही नाहीत, आणि स्थैर्याच्या रकान्यात जवळजवळ शून्य. ज्या माणसानं नऊ वर्षं एकाच गेटमधून पंचिंग केलं, तो तक्त्याच्या लेखी सतत नोकऱ्या बदलणारा ठरला होता. काकांनी आधी ते दुरुस्त करायला लावलं. स्थैर्य कंपनीवरून मोजायचं आणि वाढ हुद्द्यांवरून. हे दोन रकाने एकमेकांत मिसळले की सगळ्यात निष्ठावान माणूस सगळ्यात खाली जातो. हे आजही घडतं, कारण बायोडेटा वाचणारी सॉफ्टवेअरही वेगळ्या तारखा दिसल्या की अनेकदा वेगळी नोकरी धरतात.

मग रेघ मारली. ट्रेनीचा ज्युनिअर इंजिनिअर होणं ही बढती नव्हे, ते कन्फर्मेशन. प्रशिक्षणाचं वर्ष नीट पार पडलं की बहुतेकांना मिळतं. ती खूण खोडली. 2010 ची खूणही पुसट केली. त्या कंपनीत दोन-तीन वर्षांनी बहुतेक बॅच वर सरकत असे, हे काकांना ठाऊक होतं. अशा कालबद्ध बढतीतून माणूस टिकला एवढंच समजतं. 2013 च्या खुणेखाली त्यानं काहीच लिहिलं नव्हतं. तीच लाईन, तीच मशीन, हाताखाली कुणी नाही. काका म्हणाले, त्या वर्षी पगार वाढवता आला नसेल म्हणून हुद्दा वाढवला असेल, मुलाखतीत विचारू. विचारलं, आणि तसंच निघालं. 2015 ची बढती मात्र खरी होती. एका लाईनवरून तीन लाईन्स, हाताखाली दोन सुपरवायझर, आणि रिजेक्शनचा जाब थेट प्लँट हेडकडे.

काकांचं बोट मात्र भलत्याच ओळीवर थांबलं. 2011 मध्ये त्याला उत्पादनातून क्वालिटीत हलवलं होतं. हुद्दा तोच, पगारही तोच असावा. ग्राहकाची मोठी तक्रार आली होती आणि पार्ट मंजूर करून घेण्याची सगळी कागदपत्रं नव्यानं उभी करायची होती. काका म्हणाले, संकटात कंपनी आडव्या उडीसाठी ज्याला निवडते, त्याच्यावरचा विश्वास सरळ बढतीपेक्षा मोठा असतो. त्या ओळीला त्यांनी इतर कुठल्याही ओळीपेक्षा जास्त गुण दिले.

मला वाटतं, या रकान्यामागचं मूळ कारण इथेच आहे. आपण उमेदवाराला तासभर भेटतो. त्याच्या वरिष्ठांनी त्याला रात्रपाळीत पाहिलेलं असतं, मशीन बंद पडल्यावर पाहिलेलं असतं, ऑडिटच्या आदल्या दिवशी पाहिलेलं असतं. इतकं पाहून त्यांनी त्याच्या हाती जास्त काम दिलं असेल, तर तो निर्णय आपल्या मुलाखतीपेक्षा वजनदार आहे. पण तो निर्णय खरोखर पाहून घेतलेला असला पाहिजे. वर्षं भरली म्हणून, बॅचबरोबर किंवा राजीनामा मागे घ्यावा म्हणून दिलेल्या हुद्द्यात हे वजन नसतं.

दुसरा उमेदवार भोसरीतल्या एका लहान वर्कशॉपचा होता. आयटीआय झालेला. नऊ वर्षांत दोनच हुद्दे, ऑपरेटर आणि सुपरवायझर. हुद्दे मोजणाऱ्यानं त्याला पंधरापैकी चार-पाच दिले असते. रेघ मारल्यावर खाली लिहायला जागा पुरेना. तो लागला तेव्हा चार सीएनसी मशीन होती, आता बावीस. दुसरी पाळी त्यानं सुरू केली होती. नवीन ऑपरेटर तोच निवडायचा आणि तोच शिकवायचा. फिक्स्चर बदलायला लागणारा वेळ त्यानं तासावरून वीस मिनिटांवर आणला होता आणि तो कसा आणला हे कागदावर चित्र काढून दाखवू शकत होता. मालक, सुपरवायझर आणि कामगार अशा तीनच पायऱ्या असलेल्या जागी बढती देणार तरी कुठली? तिथली वाढ मशीनच्या, माणसांच्या आणि विश्वासाच्या आकड्यांत शोधावी लागते.

काकांनी दोघांनाही वाढीचे बारा-बारा गुण दिले. मग ते 'बसतो का' या प्रश्नाकडे वळले. वाढ कोणत्या दिशेनं झाली आणि आपली जागा कोणत्या दिशेची आहे, हे जुळतं का? पहिला माणूस तयार व्यवस्थेत, तक्रारी आणि कागदपत्रं हाताळत वाढला होता. दुसरा काहीच नसताना उभं करत वाढला होता. आमच्याकडे लाईन उभी करायची होती. जागा दुसऱ्याला मिळाली. पहिल्याचा कागद काकांनी क्वालिटीच्या फाईलमध्ये ठेवला आणि पुढच्या वर्षी तिथली जागा निघाली तेव्हा त्याला बोलावून घेतलं.

काकांना हे इतकं दिसत होतं, त्याचं कारण त्यांच्याच नोकरीत होतं. ते टाइम ऑफिसात हजेरी घेणारे कारकून म्हणून लागले. पुढे कामगारांची रजा, पीएफ, ईएसआय, युनियनबरोबरच्या कराराचे हिशेब असं सगळं त्यांच्याकडे आलं आणि वर्षानुवर्षं हुद्दा 'टाइमकीपर' असाच राहिला. कामाची वाढ आधी आणि हुद्दा नंतर, तोही नशीब असेल तर, हे त्यांनी स्वतः जगलेलं होतं. त्याबद्दल ते कधी तक्रारीच्या सुरात बोलले नाहीत. ते फक्त दुसऱ्याच्या कागदात ती दडलेली वर्षं शोधत राहिले.

या रकान्याची त्यांनी दाखवलेली एक मर्यादा मला पुढे फार उपयोगी पडली. शेवटच्या बढतीची तारीख आणि बायोडेटाची तारीख यांत किती अंतर आहे ते पाहायचं. माणूस मॅनेजर झाला आणि चार महिन्यांत बाहेर अर्ज करतोय, तर मॅनेजर म्हणून त्याची परीक्षा झालेलीच नाही. आधीच्या हुद्द्यावर तो उत्तम होता, एवढंच ती बढती सांगते. उत्तम इंजिनिअर चांगला मॅनेजर होतोच असं नाही. वर्ष-दीड वर्ष त्या जागेवर काढलेलं असेल आणि त्या काळात हाताखालची माणसं टिकली असतील, तर त्या बढतीला पुरे गुण.

दुसरी मर्यादा मला नंतर वाचनात सापडली. हार्वर्डचे बोरिस ग्रॉयसबर्ग यांनी वॉल स्ट्रीटवरच्या नामांकित विश्लेषकांचा अभ्यास करून 2010 साली पुस्तक लिहिलं. कंपनी बदलल्यावर त्यांतल्या अनेकांची कामगिरी घसरली, आणि जे आपला चमू बरोबर घेऊन गेले ते त्यामानानं सावरले. एका घरात वाढलेल्या माणसाच्या यशात त्या घराचाही वाटा असतो. म्हणून मी आता मुलाखतीत हमखास विचारते, "हे काम करताना तुमच्यामागे कोण होतं?" ज्याला ती माणसं आणि ती यंत्रणा नेमकी सांगता येते, तो नव्या जागी काय नसेल हेही ओळखतो.

कागदाची खातरजमाही काकांनीच शिकवली. रिलीव्हिंग लेटरवर बहुधा शेवटचाच हुद्दा असतो, म्हणून मधल्या बढत्यांची पत्रं मागायची. पीएफच्या नोंदींत आस्थापना बदलली की वेगळा मेंबर आयडी दिसतो, त्यावरून कंपनी एक की दोन हे कळतं. पण पीएफच्या रकमेवरून बढती शोधू नये. कंपनी 15,000 रुपयांच्या वैधानिक मर्यादेवरच वर्गणी भरत असेल तर कामगाराचा हिस्सा दरमहा 1,800 रुपयेच राहतो, पगार कितीही वाढो. आणि दोन आयडी म्हणजे दोन नोकऱ्याच असंही नाही. 2011 मध्ये पटनी कॉम्प्युटर सिस्टम्स आयगेटनं घेतली आणि 2015 मध्ये आयगेट कॅपजेमिनीनं. ऐरोलीत त्याच खुर्चीवर बसून काम केलेल्या माणसाच्या बायोडेटात आज तीन कंपन्या दिसू शकतात. त्याची वाढ एकाच रेघेवर वाचायला हवी.

बाळंतपणानंतरच्या वर्षांबद्दल तर काका फार ठाम होते. बाईच्या रेघेवर तीन वर्षं एकही खूण नसेल, तर त्या काळातले महिने वजा करून वेग मोजायचा, असा नियम त्यांनी तक्त्याखाली स्वतःच्या हातानं लिहिला होता. मला मुलगी झाली आणि मी कामावर परतले, तेव्हा माझ्या मूल्यमापनाला त्यांनी तोच नियम लावला. ते ऋण वेगळंच आहे आणि ते शब्दांत फिटणारं नाही.

काका निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. त्यांच्या वतीनं एवढंच मागते. बायोडेटा लिहिणाऱ्यांनी कंपनीचं नाव एकदाच लिहावं, त्याच्यापुढे एकूण काळ लिहावा, खाली प्रत्येक हुद्दा महिना-वर्षासह द्यावा आणि प्रत्येकाखाली एका ओळीत सांगावं की त्या दिवसापासून कोणतं काम वाढलं. आणि गुण देणाऱ्यांनी आकडा टाकण्याआधी ती एक ओळ वाचावी.